पोहोचल्याचा फोन

सिहोऱ्यात कोणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येऊन गेले, की दिवेलागणीच्या आत कोणी ना कोणी माझ्या दारात उभं असतं. "सुलोचनाबाई, पोहोचल्याचा फोन लावाचा हाये. काय बोलाचं ते जरा सांगून द्या ना." ग्रामसभेत टेबल बडवणारे बाप हिंदीतला फोन म्हटला की गोगलगाय होतात. मला हसू येतं, आणि खरं सांगते, बरंही वाटतं.

आमच्या समाजाची अर्धी माणसं बावनथडी नदीच्या पलीकडे, बालाघाटकडे आहेत. सोयरीक जुळवायची तर नदी ओलांडावीच लागते. तिकडच्या घरांत हिंदी चालते. मराठी त्यांना समजते, पण मनातलं बोलायचं झालं की ती माणसं हिंदीत बोलतात, आणि समोरच्यानंही हिंदीत बोललं की त्यांना आपला मान राखल्यासारखा वाटतो. म्हणून पहिला फोन हिंदीत करायचा, हे ठरूनच गेलं आहे.

माझी हिंदी जवाहरनगरची. नवरा फॅक्टरीत होता, बावीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली. शेजारी कानपूरकडच्या एक वहिनी होत्या. बोलण्यात साखर किती घालायची आणि कधी घालायची, ते मी त्यांच्याकडून शिकले. तिथेच माझं 'मले'चं 'मला' झालं. नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडे, केवळरामकडे, परत आले. सामानात दोन ट्रंका आणि ती हिंदी.

लोकांना मी काय सांगते? पहिली गोष्ट, 'तुम' म्हणायचं नाही. आपल्या 'तुम्ही'त मान असतो म्हणून आपला माणूस बेधडक विचारतो, "तुम लोग पहुँच गए क्या?" तिकडे 'तुम' नोकराला नाही तर धाकट्या भावाला. पाहुण्यांबरोबर आलेलं शाळकरी पोर असलं तरी फोनवर त्याला 'आप'च. दुसरं, 'लड़का', 'लड़की' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मुलाचं नाव घ्यायचं आणि पुढे 'जी' लावायचं. आपल्या मुलीला 'बिटिया' म्हणायचं. तिसरं, "पसंद आई क्या?" हे मेलं तरी विचारायचं नाही. बैलबाजारात उभी आहे का मुलगी?

मग क्रम. आधी, "आप लोग आराम से पहुँच गए न?" मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी, "बाबूजी को रास्ते में तकलीफ़ तो नहीं हुई?" मग आपली उणीव आपणच सांगायची, "आप पहली बार आए और हमसे ठीक से खातिरदारी भी नहीं हो पाई. कोई कमी रह गई हो तो मन में मत लाइएगा." मग त्यांच्यातली एखादी लहानशी गोष्ट आठवून सांगायची. कोणी अनरसा दोनदा मागून घेतला असेल तर तेच सांगायचं. माणसाला वाटतं, यांनी आपल्याकडे लक्ष दिलं. शेवटी, "आप घर में इत्मीनान से बात कर लीजिए. जो भी हो, अपनापन बना रहे." आणि फोन आपण ठेवायचा नाही. त्यांनी ठेवायचा.

उत्तराचाही अर्थ लावावा लागतो. "घर में सलाह करके बताएँगे" म्हणाले तर अर्धं अर्धं. "बिटिया क्या कर रही है अभी?" असं विचारलं तर देवापुढे साखर ठेवा. मुलाच्या आईनं मुलीच्या आईशी बोलायला मागितलं तर काम झालंच. आणि "बिटिया को बहुत अच्छा घर मिलेगा" म्हणाले, की चहा टाका आणि ते स्थळ विसरा. त्याहून गोड नकार त्या बाजूला नाही.

हे सगळं मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून देत असे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून भाची कामिनी नीट उतरवून द्यायची. दहा वर्षांची होती तेव्हापासून. गावातल्या निदान वीस मुलींच्या पोहोचल्याच्या फोनाचे कागद तिच्या हातचे आहेत.

तीच कामिनी एकोणतीस वर्षांची झाली. तुमसरला खासगी शाळेत शिकवते. तीन स्थळं येऊन गेली. तिन्ही वेळा फोन मीच सांगितला, तिन्ही वेळा तिला बहुत अच्छा घर मिळणार असं कळलं. तिसऱ्या वेळी ती हसून म्हणाली, "आत्या, किती घरं झाली गं माझी!" आणि मग मागे जाऊन भांडी घासत बसली. ती भांडी आधीच घासलेली होती.

चौथं स्थळ वारासिवनीचं. मुलगा योगेंद्र, वीज मंडळात. वडील हिरालाल, आई गोदावरीबाई, आणि म्हातारे आजोबा, बाबूजी. मध्यस्थ भैय्याजी आधीच सांगून गेला, "आईचं माहेर जबलपूरकडचं. घरात हिंदीच. माणसं साधी हायेत, पण मोठी मानी हायेत."

धान घरात येऊन पडला होता, अंगणात तणसाचा ढीग होता, तेव्हा ते आले. मी मागच्या खोलीत होते. विधवा बाई मुलगी दाखवायच्या वेळी पुढे येत नाही. कोणी मला तसं सांगितलं नाही, आणि कोणी "ये" असंही म्हटलं नाही. मी आपली धानाच्या कोठीच्या आड बसून ऐकत राहिले. माझी भावजय ललिता पुढे होती. तिनं "या, बसा, पानी घ्या" एवढंच म्हटलं आणि पदर पुढे ओढून गप्प झाली. मी आत दात खात होते. अगं, बोल की दोन शब्द!

पाहुणे गेल्यावर कामिनी मागे आली. माझ्याजवळ कोठीला टेकून बसली.

"त्यांनी मले इचारलं, मराठी नीट येत नाही मला, शिकवाल का?"

"मग तू काय म्हटलंस?"

"म्हटलं, मी चौथीच्या पोरांना शिकवते, छडी असते माह्या हातात." ती खाली बघून हसत होती. "आत्या, हे जुळलं पाहिजे गं."

तिनं असं आधी कधी म्हटलं नव्हतं. तीन स्थळांच्या वेळी एकदाही नाही.

संध्याकाळी सातला केवळरामनं फोन लावला. स्पीकर चालू. मी समोर बसून ओठांनी शब्द दाखवत होते आणि तो बोलत होता. पोहोचलात का, बाबूजींचे पाय दुखले का, उणीव राहिली, सगळं क्रमानं. हिरालालजी खूश. मग पलीकडून गोदावरीबाईंचा आवाज आला, "भाई साहब, ज़रा बिटिया की माँ से बात करा दीजिए न."

कामिनी दारात उभी होती. तिनं पदराची गाठ घट्ट आवळली. अर्थ तिलाही माहीत होता.

ललिता चुलीपासून उठली. हात पुसत म्हणाली, "द्या, मी बोलू का?"

तिनं हात पुढे केला होता, हे मी आजही विसरत नाही. ती बोलायला तयार होती. पण माझ्या डोळ्यांपुढे आलं, ही आता 'तुम लोग' म्हणेल, 'हमारी लड़की' म्हणेल, आणि पोरीचं चौथं घरही जाईल. मी केवळरामच्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि म्हणाले, "नमस्ते बहनजी, मैं कामिनी की माँ बोल रही हूँ."

ललितानं हात मागे घेतला.

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. फोनवर कपाळ दिसत नाही. तिथे मी विधवा नव्हते, भावाच्या घरी राहणारी बहीण नव्हते. मी मुलीची आई होते. आणि काय बोलले मी! गोदावरीबाईंनी जाताना उंबऱ्याशी वाकून आमच्या तुळशीला नमस्कार केला होता, तो मी कोठीच्या आडून पाहिला होता. तेच म्हटलं, "आपने जाते-जाते तुलसी को हाथ जोड़े, मेरा मन भर आया."

पलीकडून बाई म्हणाल्या, त्यांची मुलगी होती, गुड्डी. रोज तुळशीला पाणी तीच घालायची. चार वर्षांपूर्वी तापानं गेली, बावीसची होती. घरात कोणी तिचं नाव घेत नाही. हिरालालजींनी तिचे फोटोसुद्धा पेटीत टाकले. "आपकी कामिनी ने जब चाय का कप रखा न बहनजी, कप का कान मेरी तरफ़ घुमाकर रखा. गुड्डी ऐसे ही रखती थी." आणि बाई रडायला लागल्या.

आता यावर काय बोलायचं, ते माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं. मी बोलून गेले, "बहनजी, मैंने भी एक बच्ची खोई है."

खरं होतं ते. जवाहरनगरला असताना मला मुलगी झाली होती. अकरा दिवस जगली. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. बारसं झालं नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून तिची आठवण काढायची कशी, ते कोणाला कळलं नाही. घरातल्यांना ठाऊक आहे, पण तीस वर्षांत कोणी त्यावर एक शब्द काढला नाही.

गोदावरीबाईंनी विचारलं, "नाम क्या सोचा था?"

मला कोणी हे कधी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, "हर्षा."

"हर्षा," त्या म्हणाल्या. "सुंदर नाम है."

माझ्या मुलीचं नाव दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी कोठीला डोकं टेकून रडले. दोघी रडलो. फोन त्यांनीच ठेवला, रीतीप्रमाणे.

बाहेर सगळे वाट बघत होते. मी म्हणाले, "छान बोलल्या. होईल असं वाटतं." बाकी काही सांगितलं नाही. ललितानं विचारलंसुद्धा, "काय काय बोलली ती, ताई? मले सांगून ठेवा, समोर आली म्हंजे..." मी म्हटलं, "अगं, तेच नेहमीचं. मानपानाचं." का नाही सांगितलं? लाज वाटली? ते दुःख माझं होतं, ते चुलीजवळ बसून वाटायचं नव्हतं, असं वाटलं? दोन्ही खरं. आणि तिसरंही एक खरं आहे. मला पुन्हा बोलायचं होतं.

तिसऱ्या दिवशी वारासिवनीहून भैय्याजीकडे निरोप आला, आमच्या बाजूनं हो समजा. कामिनीनं शाळेत पेढे वाटले नाहीत, पण तिच्या पिशवीत मला 'तीस दिवसांत मराठी' असलं एक पातळ पुस्तक दिसलं. हिंदी माणसासाठीचं. मी पुस्तक होतं तसं ठेवलं.

मुहूर्त धरायची बैठक ठरली. मधल्या बारा दिवसांत गोदावरीबाईंचा आणखी दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मीच ललिता झाले. त्या गुड्डीचं सांगायच्या, मी हर्षाचं. तीस वर्षांची झाली असती, असं मी म्हणायची. त्या म्हणायच्या, मग कामिनीची दीदी झाली असती. मी फोन घेऊन मागच्या खोलीत निघाले, की ललिता भाकरी थापता थापता मान वर करून बघायची आणि पुन्हा थापायची. एकदा केवळराम म्हणाला, "ताई, हे आता सांगून टाकाव लागल त्यायले." मी म्हटलं, "लग्नानंतर सांगू. हसतील आणि विसरतील." मोठी शहाणी मी!

मुहूर्त धरायला ते आले. ललितानं हिरवी साडी नेसली होती. मी पुन्हा कोठीच्या आड. पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजीवर बसले, पोहे झाले. मग गोदावरीबाई उठून ललिताजवळ गेल्या, तिला मिठी मारली. पिशवीतून नारळ काढला आणि कागदात गुंडाळलेल्या चांदीच्या दोन इवल्याशा बांगड्या काढल्या.

"बहनजी, शुभ काम से पहले मैंने सोचा, दोनों बच्चियों को याद कर लें. एक गुड्डी की, एक आपकी हर्षा की. फिर कामिनी का मुहूर्त निकालेंगे."

ललिता गोंधळून बघत राहिली. "हर्षा कोन?"

"आपकी बिटिया. जो ग्यारह दिन की होकर..."

"असं अभद्र कायले बोलता बाई!" ललिताचा आवाज चढला. कोणती आई गप्प बसेल? "माही एकच पोरगी हाये. देवाच्या दयेनं जिती हाये. ते काय उभी हाये दारात!"

दारात कामिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

गोदावरीबाईंचा चेहरा उतरला. "आपने ही तो बताया था, फोन पर. तीन बार बात हुई हमारी."

"म्या? म्या त तुमच्याशी फोनवर एकदाबी बोलली नाही."

आणि मग तिला कळलं. अकरा दिवस. तिनं कोठीकडे पाहिलं. केवळराम खाली बघत होता. भैय्याजीनं सुपारी कातरायची थांबवली. आता आत बसून राहिले तर ललिता खोटी ठरली असती आणि बाहेर आले तर मी. मी बाहेर आले. मोकळ्या कपाळानं, शुभकार्याच्या बैठकीत, पहिल्यांदा.

"बहनजी, फोन पर मैं थी. मैं कामिनी की बुआ हूँ. हर्षा मेरी थी."

बाई मला नखशिखान्त बघत राहिल्या. आवाज ओळखला त्यांनी. मी हात जोडले. म्हटलं, "दुख मेरा झूठा नहीं था."

"मैं जानती हूँ," त्या म्हणाल्या. अगदी हळू, आणि 'आप' न सोडता. "आपका रोना सच्चा था, बहनजी. पर मैंने तो बिटिया की माँ को बताया था. अपने आदमी के सामने भी गुड्डी का नाम नहीं लिया मैंने, समधन के सामने लिया. अब इस घर से फोन आएगा तो मैं कैसे जानूँ कि कौन बोल रहा है?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

हिरालालजी मात्र वेगळंच ऐकत होते. बायकोनं चार वर्षं आपल्यापासून लपवलेलं रडणं त्यांना परक्या घराच्या सतरंजीवर कळलं. ते उठले. "चलते हैं." योगेंद्रही उठला. तो कामिनीजवळ थांबला, काही बोलणार होता. वडिलांनी पुन्हा हाक मारली, तसा त्यानं ट्रेमधला एक कप उचलला, उभ्या उभ्या दोन घोट घेतले आणि परत ठेवला. कपाचा कान त्यानं तिच्याकडे फिरवून ठेवला. मग गेला.

गोदावरीबाई उंबऱ्यातून परत फिरल्या. माझ्या हातात एक बांगडी ठेवली. "यह हर्षा की है. आपकी है." जाताना त्यांनी तुळशीकडे पाहिलं नाही.

दुपार कशी गेली ते विचारू नका. केवळराम शेतावर निघून गेला. मी ललिताजवळ गेले. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "ताई, पोरीचं नाव हर्षा होतं, हे मले काहून नाही सांगितलं? म्याही घेतलं असतं ना कवा."

मी तिथेच बसले. "मले माफ कर, ललिता," म्हटलं. कानपूर, जवाहरनगर, सगळं गळून पडलं होतं तोंडातून.

सात वाजले. कोणी फोन लावणार नव्हतं. मोडल्या बैठकीनंतर पोहोचल्याचा फोन कोण करतो? पण ललिता उठली, हात पुसले, शेतावरून परतलेल्या केवळरामच्या खिशातून फोन काढला आणि कामिनीला म्हणाली, "लावून दे."

"आई, राहू दे."

"लावून दे म्हटलं ना. घरून गेलेलं माणूस पोचलं का नाही, इचाराव लागते."

आणि ती बोलली. मी सांगितलेला एकही नियम तिनं शिल्लक ठेवला नाही. "मी ललिता बोलतो, कामिनी की माय. खरीखुरी. तुम लोग पोहचे ना बराबर? बुढे बाबा के पाय दुखे काय? हमारे घर का गलती हो गया बाई. हमारी ताई ने पोरगी के वास्ते किया, उसका बी पोट जळा हुआ हाय. तुम उस पर गुस्सा नको करो. मेरे को गुड्डी का मालूम नव्हतं. मालूम होतं तो मी पहिले तुमच्या गळ्यात पडली असती." आणि शेवटी, अरे देवा, "हमारी लड़की पसंद है ना तुमको? तो फिर?"

मी डोळे मिटून घेतले. पण पलीकडून फोन कटला नाही. बराच वेळ ललिता नुसती ऐकत राहिली. "हव... हव बाई... तुमीबी रडू नका." तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. ही बाई पहिल्याच दिवशी बोलली असती तर? हा विचार मी आजपर्यंत पुरा करू शकलेले नाही.

फोन ठेवून ती आमच्याकडे वळली. चेहरा उजळला होता.

"काही राग नाही तिच्या मनात! म्हने, तुम्ही स्वतः फोन केला, मन हलकं झालं. म्हने, कामिनी बिटिया को बहुत अच्छा घर मिलेगा." तिनं ते वाक्य नीट पाठ करून आणलं होतं. "असा आशीर्वाद कोनी देते का आजकाल?"

मी कामिनीकडे पाहिलं. हे वाक्य आणि त्याचा अर्थ तिनं स्वतःच्या सुरेख अक्षरात वीस वेळा लिहिला होता. ती चुलीपुढे उभी होती. दूध वर येत होतं, ते तिनं फडक्यानं धरून खाली उतरवलं.

"हो आई," ती म्हणाली. "छान बोललीस तू."

मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. नको सांगू.

या गोष्टीला आता तीन महिने होत आले. गावातलं कोणी फोनाचं विचारायला आलं तर मी म्हणते, मुलीच्या आईला बोलू द्या, जसं येईल तसं. लोकांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. हर्षाची बांगडी देव्हाऱ्यात आहे. ललिता रोज तिला कुंकू वाहते आणि नाव घेते, मोठ्यानं.

फोन तिनं चुलीजवळच्या कोनाड्यात आणून ठेवला आहे. वारासिवनीहून आला तर आता तीच उचलणार. रोज शाळेतून आली की कामिनीला पाटावर बसवते आणि म्हणते, "ते 'आप'वालं पुन्हा सांग वो. एवढी चांगली बाई हाये, पुढच्या बारीले तरी चुकाले नाही पाहिजे."

"आप लोग कैसे हैं," कामिनी सांगते.

"आप लोग कैसे हैं," तिची आई म्हणते.

"बाबूजी की तबियत कैसी है."

"बाबूजी की तबियत कैसी है. आन् मंग योगेंद्रचं इचारू?"

"हो," कामिनी म्हणते. "योगेंद्र जी कैसे हैं. 'जी' लावायचं, आई."